पुस्तकाच्या कण्यावरचं नाव: केवढं, आणि वरून खाली की खालून वर?

कागदीलिंबू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एका कथासंग्रहाचं काम अंतिम टप्प्यात आहे. डेमी आकार, ११ फॉर्म म्हणजे १७६ पानं, ७० जीएसएम मॅपलिथो, साधं परफेक्ट बाइंडिंग. पुस्तकाचं नाव इथे सांगता येणार नाही, तेव्हा चर्चेपुरतं ‘पूर्वेकडची विहीर’ धरू. मूळ नावातही रफार, मात्रा, दीर्घ ऊकार, वेलांटी सगळं आहे, त्यामुळे अडचण तीच.

दोन प्रश्न आहेत. स्पाइन जेमतेम ८-९ मिमी होणार. मुखपृष्ठ करणारा म्हणतो १४ पॉइंटच्या वर नाव जाणार नाही. कपाटात उभं ठेवल्यावर ते चार पावलांवरून दिसेल का? आणि दुसरं, नाव वरून खाली वाचायचं की खालून वर? घरच्या कपाटात मराठी पुस्तकं बघितली तर दोन्ही प्रकार सापडतात. मग नियम काय?

गुळाचा_चहा

सोपं आहे. नाव जेवढं मोठं तेवढं बरं. जागा पुरत नसेल तर अक्षरं आडवी ७०-८० टक्के दाबा, बसतं.

तिसरी_घंटा

वरून खाली. मान उजवीकडे झुकवायची सवय सगळ्यांना असते. संपला धागा. :)

खिळेजुळारी

संपला कसा, आत्ता तर सुरू झाला.

चहावाले, दाबून काहीही मिळणार नाही. नाव नव्वद अंशात फिरवलेलं असतं. तुम्ही अक्षरं दाबलीत की नावाची लांबी कमी होते, आणि लांबीची टंचाई कधीच नसते. डेमीचा कणा २१६ मिमी लांब. ‘पूर्वेकडची विहीर’ २० पॉइंटात ४५ मिमीच्या आत संपतं. टंचाई आहे जाडीची, म्हणजे अक्षराच्या उंचीची. दाबलेलं अक्षर तेवढंच उंच राहतं, वर अरुंद होऊन वाचायला आणखी वाईट.

देवनागरीचं दुखणं नेमकं इथे आहे. इंग्रजीवाले कण्यावर सगळी मोठी लिपी वापरतात. वर काही नाही, खाली काही नाही, मिळालेली पट्टी पूर्ण अक्षरालाच. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि पायाखाली उकार. पट्टीतला जवळजवळ निम्मा भाग या मंडळींचा.

कुठल्याही फाँटमध्ये २४ पॉइंटात नाव टाइप करून छापा आणि मोजपट्टी लावा. फाँटप्रमाणे आकडे हलतील, पण साधारण असं दिसेल: शिरोरेषेपासून पायापर्यंत अक्षराचं धड ५ मिमी, वरचा पसारा २, खालचा २. एकूण ९. वाचताना डोळा ओळखतो ते धड, आणि पॉइंट साइज सांगून त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून मुखपृष्ठवाल्याला पॉइंट विचारू नका, धड किती मिमी ते विचारा.

कागदीलिंबू

खिळेकाका, म्हणजे १४ पॉइंटात धड ३ मिमी पण नाही?

खिळेजुळारी

बरोबर, जेमतेम २.९. त्याने हा आकडा कसा काढला असेल तेही सांगतो. कणा ८.५ धरला, दोन्ही घड्यांपासून दीड-दीड मिमी सोडले, उरले साडेपाच. त्यात रफारापासून उकारापर्यंत सगळं कोंबलं तर १४-१५ पॉइंट येतात. हिशेब चुकीचा नाही, पण नियम जरा जास्तच सोवळा आहे.

दीड मिमी सोडतात ते कव्हर बाइंडिंगला एखादा मिलिमीटर इकडेतिकडे सरकतं म्हणून. अक्षराचं धड घडीवर चढलं तर वाईट दिसतं, हे मान्य. पण वेलांटीचं टोक किंवा उकाराचा शेपटा घडीपर्यंत गेला तर कुणाचं काही बिघडत नाही, नाव वाचता येतंच. तेव्हा दीड मिमीची शिस्त धडाला लावा, मात्रा-उकारांना अर्धा मिमी पुरे. ८.५ मधून एक गेला, राहिले साडेसात. त्यात २० पॉइंट बसतं. धड ४.२ मिमी. आणि धडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मिमी मोकळे राहतातच.

दाखल_क्रमांक

ग्रंथालयाच्या बाजूने एक हिशेब जोडते. ढोबळ नियम असा की आरामात वाचायला अक्षराची उंची अंतराच्या दोनशेव्या भागाएवढी हवी. ३ मिमी धड ६० सेंटिमीटरवरून, ४.२ मिमी साधारण ८४ सेंटिमीटरवरून. दोन रॅकांमधल्या गल्लीत उभं राहून समोरचा कप्पा बघताना अंतर तेवढंच असतं. म्हणजे खिळेकाकांच्या २० पॉइंटाने समोरचे कप्पे सुटतात.

सुटत नाही तो तळाचा कप्पा. उभ्या माणसाचा डोळा दीड मीटरवर, तळाचं पुस्तक जमिनीपासून पंधरा-वीस सेंटिमीटर. अंतर १३० च्या पुढे, शिवाय कणा तिरका दिसतो. तिथे साडेसहा मिमी धड लागेल आणि ते ८.५ च्या कण्यावर कुणालाच जमणार नाही. त्यामुळे बारीक कण्याची पुस्तकं डोळ्यासमोरच्या कप्प्यांत आणि कोशाचे जाडजूड खंड तळाला, असं जमेल तिथे करावं. वर्गीकरणाचा क्रम नेहमी ते करू देत नाही, हा भाग वेगळा.

पानसुपारी

थांबा थांबा. काका, तुमचा ८.५ आला कुठून? कागद बघितल्याशिवाय कणा सांगणं म्हणजे मुलगी न बघता मापाचा ब्लाऊज शिवणं.

खिळेजुळारी

मान्य, पानसुपारीबाई. १७६ पानं म्हणजे ८८ कागद. ७० जीएसएम मॅपलिथोचा एक कागद साधारण ०.०९ मिमी धरला तर ७.९, आणि ३०० जीएसएम कव्हरच्या दोन बाजू ०.६. झाले ८.५. पण ऐन वेळी प्रकाशकाने फुगीर नॅचरल शेड घेतला, ०.१२ चा, तर तेच पुस्तक ११.२ होतं. पावणेतीन मिमीचा फरक! जीएसएम हे वजन आहे, जाडी नव्हे, हे दहादा सांगूनही लोक जीएसएमवरून कणा काढतात.

म्हणून ज्या कागदावर छापणार त्याचेच ८८ कोरे कागद मागवून घ्या, हाताने घट्ट दाबा, व्हर्नियरने मोजा. कव्हरची फाइल त्यानंतर.

पानसुपारी

आता माझी भर. बसतं किती ते कळलं, बसवताना काय चुकतं ते बघा. नव्वद टक्के मराठी कण्यांवर नाव एका बाजूला सरकलेलं दिसतं आणि शिव्या बाइंडरला बसतात. बाइंडर बिचारा निर्दोष असतो.

होतं असं. डिझायनर नाव फिरवतो आणि सॉफ्टवेअरचं ‘मध्यभागी आण’ बटण दाबतो. सॉफ्टवेअर मध्य काढतं तो सगळ्या आकृतीचा, म्हणजे वेलांटीच्या माथ्यापासून सर्वांत खालच्या टोकापर्यंतचा. नावात उकार नसेल, नुसत्या वेलांट्या असतील, तर वरचा पसारा आहे आणि खाली काही नाही. २० पॉइंटात वरचा पसारा पावणेदोन मिमीच्या आसपास. त्याच्या निम्म्याने, म्हणजे ०.८ मिमीने, धड पायाच्या बाजूला ढकललं जातं. त्यात कव्हर त्याच दिशेला एक मिमी सरकलं की झाले पावणेदोन-दोन मिमी. ८.५ च्या कण्यावर ते आंधळ्यालाही दिसेल. धागाकर्त्याच्या नावात दोन्हीकडे पसारा आहे म्हणून तो वाचेल. पण त्याच मालेतलं पुढचं पुस्तक ‘सावली’ असलं तर दोन्ही शेजारी ठेवल्यावर एक डावीकडे, एक मधे.

उपाय दोन मिनिटांचा आहे. त्याच फाँटात, त्याच मापात नुसता ‘म’ टाइप करा. कण्याच्या मधोमध आणा. त्याच्या पायाला गाइड लावा. आता ‘म’ पुसून त्याच रेषेवर पूर्ण नाव टाइप करा. मात्रा जिकडे जायच्या तिकडे जाऊ देत, धड मधेच राहतं. मालेतल्या सगळ्या पुस्तकांना तीच गाइड.

गुळाचा_चहा

हे झकास आहे. दाबण्याचा सल्ला मागे घेतो. पण मग लांबी एवढी शिल्लक आहे तर अक्षरांमधलं अंतर वाढवून नाव कणाभर पसरवलं तर? इंग्रजी पुस्तकांवर किती छान दिसतं.

पानसुपारी

करून बघा आणि शिरोरेषा मोजा. दोनाच्या आठ होतील. इंग्रजी अक्षरं मुळात सुटी असतात, आपली एका दांडीवर वाळत घातलेली. दांडी तोडली की शब्द कुठे संपतो तेच कळत नाही. काही फाँटांत थोडं अंतर सहन होतं कारण शिरोरेषा एकमेकींवर जराशा चढवलेल्या असतात. पण तीही मर्यादा लगेच संपते.

तिसरी_घंटा

मग सरळ अक्षराखाली अक्षर लिहा ना! मान वाकवायलाच नको. दुकानांच्या उभ्या पाट्यांवर असतं तसं.

खिळेजुळारी

‘पू / र्वे / क / ड / ची’ असं? र्वे वाचून बघा. पाटीवर ‘चहा’ चालतो, ‘पूर्वेकडची’ चालत नाही. शिवाय मग अक्षराची रुंदी कण्यात बसवावी लागते, आणि काना-वेलांटीसकट ‘ची’ रुंदीला आडदांड असतो.

आडवं, म्हणजे सरळ वाचता येणारं नाव फक्त जाड ग्रंथांवर जमतं. कणा ४० मिमीचा असेल तर दोन-तीन ओळींत मजेत बसतं आणि मान हलवायची गरजच नाही. कोशांचे खंड बघा, खंड क्रमांक तरी आडवाच असतो.

वाचनवेडा_वसईकर

माझाही हाच प्रॉब्लेम आहे. दिवाळी अंकांचा! घरी गठ्ठेच्या गठ्ठे. २०११ चा अंक पाहिजे तर सगळे उपसावे लागतात. यावर काही?

दाखल_क्रमांक

धागा पुस्तकांचा आहे, पण उत्तर त्यातच आहे. ज्या अंकांना चौकोनी पाठ आहे त्यांच्या कण्यावर वरून दीड-दोन सेंटिमीटरवर सालाचे शेवटचे दोनच आकडे आडवे लिहा, ‘११’. चारही आकडे बारीक कण्यावर आडवे मावत नाहीत. हवं असेल तर ‘२०’ आणि त्याखाली ‘११’. पिनांच्या अंकांना पाठच नसते, ते खोक्यात घालून खोक्यावर साल.

आणि गठ्ठे आडवे ठेवता ना? मग दिशेचा मुद्दा तुमच्यापासूनच सुरू होतो. वरून खाली लिहिलेलं नाव असलं, तर मुखपृष्ठ वर करून पुस्तक टेबलावर ठेवल्यावर कण्यावरचं नाव सुलटं वाचता येतं. खालून वर लिहिलेलं असलं तर तेच नाव उलटं दिसतं. वरून खालीच्या बाजूने सर्वांत ठोस कारण हेच.

तिसरी_घंटा

मी आधीच सांगितलं होतं. वरून खाली. आता तरी संपवा.

राइनकाठ

जर्मनीतून लिहितोय, त्यामुळे विरुद्ध पक्ष मांडणं भाग आहे. :) इकडची आणि फ्रेंच पुस्तकं बघाल तर बहुतेकांवर नाव खालून वर. इंग्रजी पुस्तकं वरून खाली. दोन्हींचं मिश्र कपाट असलं की बघणारा माणूस नंदीबैलासारखा मान हलवत बसतो. १९८५ चं आयएसओ ६३५७ हे मानक वरून खाली लिहा म्हणतं. इथले प्रकाशक ते फारसं मनावर घेताना दिसत नाहीत.

पण हे निव्वळ हट्टापायी नाही. मान डावीकडे झुकवून खालून वर वाचून बघा. पहिलं पुस्तक वाचलं, आता खालची ओळ कुठे येते? उजवीकडे. म्हणजे कप्पा डावीकडून उजवीकडे बघत गेलात की नावं एखाद्या पानावरच्या ओळींसारखी वरून खाली येतात. वरून खालीच्या पद्धतीत मान उजवीकडे, आणि तुम्ही तीच यादी शेवटच्या ओळीपासून वर वाचत जाता. कपाटात *शोधायचं* असेल तर आमचा पक्ष इतका काही वेडा नाही.

पानसुपारी

हा मुद्दा खरंच पहिल्यांदा ऐकला. आणि यातून एक चूक आठवली जी सतत दिसते. दोन ओळींचं नाव. वरून खाली लिहिताना अक्षरांचे माथे उजवीकडे, मुखपृष्ठाकडे असतात. म्हणून पहिली ओळ उजवीकडची आणि दुसरी डावीकडची. डिझायनर दोन ओळी वेगवेगळ्या फिरवून ठेवतो आणि सवयीने पहिली डावीकडे टाकतो. मग ‘विहीर पूर्वेकडची’ होते. फाइल तपासताना स्क्रीन नव्वद अंशात फिरवून वाचा, एवढंच.

बारीक कण्यावर दोन ओळी करूच नयेत, तो भाग वेगळा.

गुळाचा_चहा

अवांतर: उर्दू पुस्तकांचं काय? ती तर उलटी उघडतात.

राइनकाठ

गंमत आहे. उर्दूचं मुखपृष्ठ कण्याच्या डावीकडे. मुखपृष्ठ वर ठेवून आडवं केल्यावर नाव सुलटं हवं असेल तर माथे डावीकडे करावे लागतात, म्हणजे आमच्या जर्मनांसारखं फिरवायचं. पण लिपी उजवीकडून सुरू होते, त्यामुळे नाव तरीही वरच्या टोकालाच सुरू होतं आणि खाली वाचत जातं. मान मात्र डावीकडे.

दाखल_क्रमांक

मूळ मुद्द्यावर येऊ. राइनकाठ म्हणतात त्यात तथ्य आहे, पण ग्रंथालयात शोधणाऱ्याला जास्त छळतं ते दुसरंच: नाव सुरू कुठे होतं. शोधताना डोळा पूर्ण नाव वाचत नाही, पहिलं अक्षर टिपत पुढे सरकतो. प्रत्येक पुस्तकाचं नाव कण्याच्या मधोमध ठेवलेलं असलं, तर लहान नाव खाली सुरू होतं, लांब नाव वर. डोळ्याला प्रत्येक कण्यावर वरखाली जावं लागतं. त्याऐवजी सगळी नावं माथ्यापासून ठरावीक अंतरावर, समजा २० मिमीवर सुरू केली, तर एका आडव्या रेषेत नजर फिरते. खालून वरच्या पद्धतीत सुरुवात खालच्या टोकाला होते, आणि तिथे आम्ही लेबल लावतो.

धागाकर्त्यांनी याचा विचार करावा. वर्ग क्रमांकाचं लेबल तळापासून इंचभर वर लागतं. 891.463 म्हणजे मराठी कथा-कादंबरी, त्याखाली लेखकाची अक्षरं, मिळून तळाचे पाच-सहा सेंटिमीटर गेले. तिथे लेखकाचं नाव ठेवलंत तर ते आमच्या डिंकाखाली जाईल. तिथे प्रकाशनाचं बोधचिन्ह ठेवा, ते झाकलं तर वाचकाचं अडत नाही. (प्रकाशकाचं अडतं, त्याला सांगू नका.)

कागदीलिंबू

दाखलताई, मग लेखकाचं नाव नावाच्या आधी की नंतर? लोक लेखकावरूनही शोधतात.

दाखल_क्रमांक

आमचे कप्पे लेखकावरूनच लागतात, तेव्हा आमच्यापुरतं आधी लेखक चालेल. दुकानदार नाही म्हणेल. नावापाठोपाठ थोडी जागा सोडून, दोन पायऱ्या लहान अक्षरात ठेवा.

पानसुपारी

मी आधी लेखक या मताची नाही. नवोदित कथाकाराचं नाव कुणी शोधत नसतं हो.

वाचनवेडा_वसईकर

नवोदितांच्या भावना दुखावल्या गेल्या आहेत.

खिळेजुळारी

कागदीलिंबू, रंग काय ठेवलाय?

कागदीलिंबू

गडद तपकिरी पाठ, पांढरी अक्षरं. नाव मुखपृष्ठावर ब्रशने लिहिलेलं आहे, तेच लहान करून कण्यावर.

खिळेजुळारी

दोन्हींत धोका आहे.

ब्रशची अक्षरं मुखपृष्ठावर १५० मिमी रुंद असतील, कण्यावर ४५. तिसऱ्या हिश्श्याहून लहान. ब्रशचा जाड फटका टिकतो, त्याच्या शेवटी बारीक होत गेलेली रेघ नाहीशी होते. अशा वेळी ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक ज्या बारीक गाठीत किंवा वळणात असतो तोच आधी जातो. सुलेखनकाराकडून कण्यासाठी वेगळं, जाड निबेने लिहून घ्या. नाहीतर सरळ छापील फाँट वापरा. ‘मुक्त’ फाँटला सात वजनं आहेत, त्यातलं सेमीबोल्ड बघा. अगदी ठसठशीत नको, गाठी आतून भरतात.

तपकिरी चार रंगांच्या मिश्रणातून येत असेल तर पांढरं अक्षर म्हणजे चारही प्लेटांत ठेवलेलं भोक. एक प्लेट केसभर हलली की बारीक शिरोरेषेवर रंगाची कड येते, आणि शाईही थोडी पसरून पांढरं खाते. म्हणून उलट्या छपाईत अक्षर एक वजन जाड घ्यायचं. तपकिरी हा एकच वेगळा शाईरंग म्हणून छापला तर हा त्रास जवळपास उरत नाही, पण खर्च वाढतो.

तिसरी_घंटा

लाल अक्षरं घ्या, लांबून दिसतात.

पानसुपारी

पहिली दोन वर्षं. खिडकीसमोरच्या कपाटात किरमिजी आणि पिवळा आधी उडतात, आणि लाल या दोघांचाच बनतो. कणा तेवढा उजेडात असतो, मुखपृष्ठ आत सुरक्षित. पांढऱ्यावरची लाल नावं फिकट गुलाबी होऊन गेलेली कुठल्याही जुन्या कपाटात दिसतील. काळा टिकतो.

कागदीलिंबू

सगळ्यांचे आभार. प्रेसमधून ८८ कोरे कागद आणून मोजले. कव्हरच्या तुकड्यांसकट ८.८ आले. आता असं ठरतंय: मुक्त बोल्ड, २० पॉइंट, ‘म’ची गाइड, माथ्यापासून २० मिमीवर सुरुवात, वरून खाली. लेखक त्यामागून १४ पॉइंट. तळाच्या सहा सेंटिमीटरांत फक्त बोधचिन्ह, बाकी रिकामं. एकच घोळ: इनडिझाइनमध्ये नाव टाइप केलं की ‘वि’ची वेलांटी ‘व’च्या मागे जाऊन बसते आणि रफार सुटा होतो. फाँट बदलून पाहिला, तेच.

पानसुपारी

फाँटचा दोष नाही. मजकूर निवडा, Paragraph पॅनेलच्या मेनूत जाऊन Adobe World-Ready Paragraph Composer निवडा. वेलांटी जागेवर येईल. पाठवण्याआधी अक्षरांचे आउटलाइन करा, पण संपादन करता येईल अशी एक प्रत बाजूला ठेवून. आउटलाइन केल्यावर शुद्धलेखनाची चूक सापडते, हा निसर्गनियम आहे.

राइनकाठ

वरून खाली घेतलंत, हरकत नाही. पण हे पुस्तक माझ्याकडे आलं तर जर्मन पुस्तकांच्या रांगेत डोकं खाली पाय वर ठेवणार.

दाखल_क्रमांक

मग बोधचिन्ह माथ्याला येईल आणि प्रकाशक खूश.